पाच मिनिटांचं निरोपाचं भाषण दोन मिनिटांत बसवायचंय, पण मामांच्या आठवणी जाऊ द्यायच्या नाहीत

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी लातूरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमचे शिपाई मामा येत्या 31 तारखेला सेवानिवृत्त होताहेत. शिक्षकांतर्फे मी बोलायचं ठरलं होतं आणि मला पाच मिनिटं दिली होती. भाषण लिहून झालं, घड्याळ लावून वाचलं तर पाच मिनिटं दहा सेकंद भरलं. आज सांगण्यात आलं की वक्ते वाढलेत, पाहुणे लवकर जाणार आहेत, तेव्हा प्रत्येकाला दोनच मिनिटं.

मामा साधा माणूस आहे, त्यांच्याविषयी असं व्यासपीठावरून कधी कोणी बोललेलं नाही. म्हणून ही दोन मिनिटं मला चांगली करायची आहेत. भाषणात काय काय आहे ते वेळेसकट देते:

मान्यवरांची नावं आणि प्रास्ताविक 35 सेकंद. मामांचा परिचय (जन्म, गाव, रुजू झाल्याची तारीख, मुलंबाळं) 55 सेकंद. त्यांचा वक्तशीरपणा आणि शाळेची घंटा 30 सेकंद. 2016 च्या दुष्काळातलं पाणी 1 मिनिट 5 सेकंद. मी नवीन असताना अहमदपूरची शेवटची गाडी येईपर्यंत मामा फाट्यावर माझ्यासोबत उभे राहिले होते, ती आठवण 50 सेकंद. स्वभाव, गुण, एका मुलीची परीक्षा फी त्यांनी भरली तो उल्लेख 35 सेकंद. चारोळी 20 सेकंद. शुभेच्छा 20 सेकंद.

काय काढू आणि काय ठेवू?

हिशेबी_उदगीर
ताई, सोपं गणित आहे. पाचाचे दोन म्हणजे चाळीस टक्के. प्रत्येक परिच्छेदातली साठ टक्के वाक्यं काढा, चाळीस ठेवा. कोणतीच आठवण सुटणार नाही आणि वेळही बसेल. विशेषणं आधी काढा, 'अत्यंत', 'निःस्वार्थ', 'मनमिळाऊ' वगैरे. मी ऑफिसचे अहवाल असेच बसवतो.

निवृत्त_बीड
अभिनंदन आणि पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा. भाषणाचं मनावर घेऊ नका, आधी पेन्शनच्या कागदांचं बघा. सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय प्रमाणपत्र, बँकेत नवरा-बायकोचं संयुक्त खातं, हे निवृत्तीच्या दिवसाआधी हातात असावं. सत्काराला उत्तर देताना दोन वाक्यं पुरतात, 'सर्वांचे आभार, चुकलं असेल तर माफ करा.' माझ्या वेळी मी एवढंच बोललो होतो.

मांजराकाठ
@निवृत्त_बीड काका, निवृत्त मी होत नाहीये, आमचे मामा होताहेत. मी त्यांच्याविषयी बोलणार आहे. पण कागदांची यादी मामांच्या मुलाला नक्की दाखवते, त्याला उपयोग होईल.

औसेकर
दोन मिन्टं लई झाली की बाई. आमच्याकडं तर सत्कार म्हनलं की शाल, श्रीफळ, फेटा यातच तासभर जातो. कामून एवढं टेन्शन घेता? जरा चपळाईनं वाचा, साडेतीन मिन्टांत बसंल. दीड मिन्टासाठी कोन उठवतंय तुम्हाला?

गोदातरंग
मी बरीच वर्षं परभणी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होतो, आणि आता नांदेड-परभणीकडच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो. वेळेत बसवणं हेच काम होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी औसेकरांचं. चपळाईनं वाचू नका. ऐकणाऱ्याला सुखानं समजेल असं मराठी मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द जातं. तुमचं पाच मिनिटांचं भाषण म्हणजे 550 ते 600 शब्द असणार. तेच साडेतीन मिनिटांत कोंबायचं तर मिनिटाला 160 च्या पुढं जावं लागेल. शाळेच्या सभागृहात वर पत्रे असतील, आवाज घुमत असेल, तर एवढ्या वेगात शब्दांचे शेवट एकमेकांत अडकतात आणि मागच्या तीन रांगांना नुसता गलका ऐकू येतो. ओळखायची खूण सांगतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. वाक्याच्या शेवटचं क्रियापद नीट ऐकू येत नसेल तर वेग जास्त आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तेच गिळलं तर काय झालं ते कोणाला कळतच नाही.

दुसरं, दोन मिनिटं मिळाली म्हणून 240 शब्द लिहू नका. निरोपाच्या कार्यक्रमात मधे टाळ्या पडतात, एखाद्या जागी तुमचाच आवाज भरून येतो. त्यासाठी पंधरा-वीस सेकंद मोकळी हवीत. म्हणून दोनशेच्या आत थांबा.

आता हिशेबी भाऊंचं. विशेषणं आधी काढा, हे अगदी बरोबर. पण प्रत्येक परिच्छेदातून साठ टक्के काढलं तर सगळ्या आठवणींचे सांगाडे उरतील. 'मामांनी दुष्काळात पाणी आणलं. मामा फाट्यावर थांबले. मामा वेळेवर घंटा देत.' अशी नुसती यादी होईल, आणि यादी ऐकून कोणाच्या घशात आवंढा येत नाही. आठवण डोळ्यांसमोर उभी राहायला तिला जागा लागते, तीस-चाळीस सेकंद तरी. दोन मिनिटांत अशा दोनच आठवणी मावतात. त्यामुळं काही भाग मुळासकट काढावे लागतील आणि उरलेले पूर्ण ठेवावे लागतील.

तुमचे घंटेचे आणि पाण्याचे परिच्छेद जसेच्या तसे इथं टाकाल का?

मांजराकाठ
धन्यवाद सर. हे घ्या.

घंटा: "मामांचा वक्तशीरपणा वाखाणण्यासारखा होता. रुळाच्या तुकड्याच्या त्या घंटेवर मामांचा टोला पडला की आम्ही आमची घड्याळे लावून घेत असू. ऊन असो, पाऊस असो, मामांची घंटा कधी एक मिनिटही चुकली नाही. फक्त एकदा माझ्या वर्गात एक मुलगा कविता म्हणत होता म्हणून त्यांनी थांबून घंटा दिली होती. असा कर्तव्यदक्ष कर्मचारी शाळेला लाभला हे आमचे भाग्य होय."

पाणी: "सन 2016 साली आपल्या लातूर शहरावर आणि संपूर्ण मराठवाड्यावर भीषण दुष्काळाचे संकट कोसळले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. नळाला पाणी नव्हते, लोकांना टँकरसाठी रात्र रात्र जागावे लागत होते. शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्व जाणताच. अशा बिकट परिस्थितीतसुद्धा आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांना पिण्याच्या पाण्याची अडचण भासू नये म्हणून मामांनी अत्यंत आपुलकीने आणि निःस्वार्थ भावनेने स्वतःच्या घरून पाणी आणून त्यांची तहान भागवली. एकदा एका विद्यार्थ्याने त्या पाण्याने हात धुतले, तेव्हाही मामांनी त्याला न रागावता प्रेमाने समजावून सांगितले. यावरून त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसून येतो. अशी माणसे आज दुर्मिळ झाली आहेत."

गोदातरंग
वाचलं. आता काही प्रश्न विचारतो.

तुमच्या भाषणातली सगळ्यात ऊबदार गोष्ट घंटेच्या परिच्छेदातल्या एका ओळीत दडून बसलीय: 'एक मुलगा कविता म्हणत होता म्हणून त्यांनी थांबून घंटा दिली.' तुम्ही ती वक्तशीरपणाला अपवाद म्हणून सांगितलीत. मला तर सगळं भाषण त्या ओळीत दिसतं. तो मुलगा कोण? कितवीचा? मामा कुठं उभे होते, तुम्हाला कसं कळलं ते थांबलेत?

पाण्याचं बघा. यातलं पहिलं अर्धं, धरण, नळ, टँकर, मिरजेची रेल्वे, हे लातूरच्या श्रोत्यांना सांगायची गरजच नाही. 12 एप्रिल 2016 ला पहिली पाण्याची गाडी लातूरला लागली तेव्हा त्या सभागृहातले निम्मे लोक स्वतः हंडे घेऊन रांगेत होते. '2016 चा उन्हाळा' एवढं म्हटलं की बाकीचं ते आपणहून भरतात. हेच भाषण पुण्यात करायचं असतं तर दोन वाक्यं जास्त लागली असती.

'प्रेमाने समजावून सांगितले' म्हणजे मामा नेमकं काय म्हणाले? तुम्हाला त्यांचे शब्द आठवतात का? आणि पाणी आणलं ते कशातून?

मांजराकाठ
आठवतात ना सर, अगदी स्पष्ट.

पाणी घागरीतून आणायचे, सायकलच्या कॅरिअरला बांधून. त्यांच्या घरी टँकरचं जे पाणी मिळायचं त्यातलं. वार्षिक परीक्षा चालू होती, शाळेचा हौद कोरडा होता. त्या मुलानं मातीचे हात धुतले तेव्हा मामा म्हणाले, "लेकरा, हात रुमालाला पूस. पाणी पोटाला ठेव." मी दारातच उभी होते.

कवितेचा मुलगा पाचवीतला. वर्गात कधीच बोलायचा नाही, विचारलं की मान खाली. त्या दिवशी आपणहून उभा राहिला. तास संपल्याचं मला कळलं होतं, खिडकीबाहेर मामा हातोडा घेऊन उभे होते. माझी नजर गेली तर त्यांनी हातानंच खुणावलं, चालू द्या. शेवटची ओळ झाल्यावर टोला दिला. लिहिताना आत्ताही अंगावर काटा आला.

तेरणाकाठ
माझा अनुभव सांगते, विषय जरा वेगळा आहे. माझे वडील धाराशिव भागात एसटीत चालक होते. त्यांच्या निरोपाला एका साहेबांनी बराच वेळ भाषण केलं. वडिलांचा बिल्ला क्रमांक, कोणत्या आगारात किती वर्षं, विनाअपघात सेवेचं बक्षीस, सगळं अगदी बरोबर सांगितलं. पण घरी आल्यावर वडील फक्त एका वाहककाकांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगत होते. काका उभे राहून म्हणाले होते, "रात्री मुक्कामाच्या गाडीवर यांनी मला कधी थंडीत झोपू दिलं नाही, स्वतःचं कांबळं माझ्यावर टाकायचे." बसले लगेच. वडील गेले, पण ते वाक्य आमच्या घरात अजून आहे.

ताई, मुलीच्या परीक्षा फीचा उल्लेख मात्र काढू नका, एवढी विनंती. पैशाचं दान करणारा शिपाई, यापेक्षा मोठं काय असतं?

मांजराकाठ
@तेरणाकाठ वाहककाकांचं वाक्य वाचून थांबलेच. फीविषयी माझ्या मनातही दोन बाजू आहेत. ती मुलगी आता मोठी झालीय, गावातच असते, कदाचित कार्यक्रमालाही येईल. नाव घेतलं नाही तरी जुन्या लोकांना कळेल कोण ते.

गोदातरंग
फीचं मी काढेन. त्यात मामांबरोबर आणखी एकीची गोष्ट उघडी होते, आणि तिला कोणी विचारलेलं नाही. तिनं स्वतः उठून सांगितलं तर ती तिची गोष्ट, मग सभागृह डोक्यावर घेईल. तुम्ही सांगितलं तर ती मान खाली घालून बसेल. तिला आधी फोन करून विचारलंत आणि ती मनापासून हो म्हणाली, तर वेगळं.

तेरणाकाठ
पटतंय आणि पटत नाहीये. नाव न घेता 'कोणाची तरी फी भरली' म्हटलं तर मामांचा मोठेपणा तर कळेल. आपल्याकडं गरिबाच्या दानाची नोंद कोणी घेत नाही, म्हणून जीव तुटतो.

मांजराकाठ
मामांनाच एकदा विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, ते कुठं बोलू नका." मग मी तो भाग सोडतेच. त्यांचा शब्द मोडून त्यांचं कौतुक नको.

हिशेबी_उदगीर
माझं चाळीस टक्क्यांचं गणित मागं घेतो, दोन आठवणींचं पटलं. पण एक शंका आहे. परिचय पूर्ण काढला तर कसं चालेल? जन्म, गाव, किती वर्षं सेवा, हे निरोपात सांगावंच लागतं. नाहीतर घरच्यांना वाटेल की बाईंना काही माहीतच नाही.

गोदातरंग
परिचय कोणीतरी सांगायलाच हवा, पण तुम्हीच का? अशा कार्यक्रमात मानपत्र वाचतात ना? त्यात जन्मतारीख, गाव, रुजू दिनांक, एकूण सेवा, सगळं असतं. ताई, मानपत्र कोण लिहितंय ते आजच विचारा आणि तुमचे 55 सेकंद त्यांच्या हाती द्या. मानपत्र नसेल तर सूत्रसंचालकाला द्या, मामांना व्यासपीठावर बोलावताना तो वाचेल. एकच तारीख तीन वक्त्यांनी सांगितली की श्रोते तुमच्या आठवणीपर्यंत पोचायच्या आधीच कंटाळलेले असतात.

चारोळी काढा. ती चांगली असेलही, पण तुमच्याकडं मामांचं स्वतःचं वाक्य आहे, त्याच्या शेजारी ती फिकी पडेल.

आणि एक मोठा बदल सुचवतो. भाषणभर 'मामांनी', 'त्यांनी', 'ते' असं आहे. सगळं 'तुम्ही' करा आणि त्यांच्याकडं बघून बोला. 'मामांनी त्याला न रागावता समजावून सांगितले' याच्या जागी 'तुम्ही म्हणालात'. शब्द आपोआप गळतात. 'यावरून त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसून येतो' हे वाक्य समोरच्या माणसाच्या तोंडावर म्हणताच येत नाही, त्यामुळं ते जातंच. त्याची गरजही नसते. घागर आणि रुमाल ऐकल्यावर मोठेपणा सगळ्यांना दिसलेला असतो, आपण पुन्हा सांगायला गेलो की उलट पकड सुटते.

घंटेच्या गोष्टीला मात्र शब्द वाढवा. मूळच्या एका ओळीच्या पाच-सहा ओळी होऊ द्या.

औसेकर
फाट्यावरची गाडीची आठवन काढायची? ती तर मपल्याला लई आवडली. एकट्या बाईमानसासोबत मामा थांबलाय, केवढी गोष्ट हाय.

मांजराकाठ
@औसेकर दादा, माझा जीव त्याच आठवणीत सगळ्यात जास्त अडकलाय. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, स्नेहसंमेलन संपायला अंधार पडला होता.

गोदातरंग
औसेकरांची हळहळ खरी आहे. पण तिथं बसलेली मुलं, दुसरे शिक्षक, मामांच्या घरचे, यांच्यासाठी घंटा आणि पाणी सगळ्यांचं आहे. फाट्यावरची रात्र ताईंची आणि मामांची आहे. ती टाकून द्यायची नाही. जेवणाच्या वेळी मामांना स्वतः सांगा, किंवा पाच मिनिटांचं मूळ भाषण स्वच्छ अक्षरात लिहून पाकिटात घालून त्यांच्या हाती द्या. घरी मुलगा वाचून दाखवेल.

मांजराकाठ
रात्री बसून नवीन लिहिलं. उभं राहून, मोठ्यानं, थांबे घेत वाचलं तर 1 मिनिट 45 सेकंद झाली. कृपया बघा.

"अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, मामा, मामी आणि समोर बसलेल्या लेकरांनो, नमस्कार.

मामा, तुमच्या घंटेवर ही शाळा चालली. रुळाच्या त्या तुकड्यावर तुमचा टोला पडला, की आम्ही आमची घड्याळं लावायचो. एक दिवस मात्र घंटा उशिरा झाली. पाचवीचा वर्ग होता. कधीच तोंड न उघडणारा एक मुलगा पहिल्यांदा आपणहून उभा राहून कविता म्हणत होता. तास संपला होता. मी खिडकीतून पाहिलं, तुम्ही हातोडा घेऊन उभे होतात. तुम्ही मला हातानं खुणावलंत, चालू द्या. त्याची शेवटची ओळ झाली, आणि मग तुम्ही टोला दिलात.

2016 चा उन्हाळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. शाळेचा हौद कोरडा होता, वार्षिक परीक्षा चालू होती. रोज सकाळी तुमच्या सायकलला एक घागर बांधलेली असायची. एका मुलानं त्या पाण्यानं मातीचे हात धुतले. मला वाटलं, आता मामा रागावणार. तुम्ही म्हणालात, 'लेकरा, हात रुमालाला पूस. पाणी पोटाला ठेव.'

मामी, ती घागर तुमच्या घरातून येत होती. तुमच्या वाट्याचं पाणी आमची लेकरं प्यायली. हे आज तुमच्यासमोर सांगायचं होतं.

मामा, उद्यापासून घंटा दुसऱ्या कोणाच्या हातात असेल. आम्ही त्यालाही सांगू, वर्गात कोणी कविता म्हणत असेल, तर थांबायचं.

आई तुळजाभवानी तुम्हा दोघांना निरोगी आयुष्य देवो."

तेरणाकाठ
मामींचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांच्या भाषणात मामी होत्या का?

मांजराकाठ
परिचयात फक्त नाव होतं. घागर कुठून येत होती हे लिहिताना त्या दिसल्या.

हिशेबी_उदगीर
छान झालंय. दोन सूचना. 'आपण सगळ्यांनी पाहिलाय' म्हणता, पण आत्ताची पाचवी-सहावीची मुलं तेव्हा जन्मलीही नसतील किंवा तान्ही असतील. त्यांना काय कळणार? दुसरं, देवीच्या नावानं शेवट जुनाट वाटतो.

गोदातरंग
पहिली सूचना चांगली आहे, माझ्या ध्यानात आली नव्हती. 'पाहिलाय' च्या पुढं पाचच शब्द घाला: 'लेकरांनो, तेव्हा रेल्वेनं पाणी आलं.' यानं मुलांनाही धागा मिळतो आणि लांबत नाही.

देवीचं राहू द्या. लातूर-धाराशिवकडं निरोपाच्या शेवटी हे वाक्य लोक कानात घेऊनच बसलेले असतात. ते आलं की भाषण संपलं हे कळतं आणि टाळी पडते. एका वाक्याचं काम ते नीट करतं.

मामींच्या जागेवर तुमचा आवाज भरून येणार, हे धरून चाला. कागदावर 'मामी' या शब्दाआधी आडवी रेघ मारा, तिथं श्वास घ्यायचा. कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहिलेला, एकच. मोबाइलवरून वाचू नका, मधेच फोन आला की सगळं गेलं. पहिलं वाक्य आणि रुमालाचं वाक्य पाठ करा. ते म्हणताना नजर मामांवर हवी.

औसेकर
मामीचं सगळ्यात शेवटी ठेवा की. तिथंच बसा. घंटेचं परत कशाला?

तेरणाकाठ
मलाही तसंच वाटतं. मामींनंतर दुसरं काही ऐकूच येणार नाही.

गोदातरंग
मी उलट मताचा आहे. कार्यक्रम मामांचा आहे, शेवटचा शब्द त्यांच्याकडं जावा. शिवाय मामी रडायला लागल्या आणि तुम्ही तिथंच बसलात, तर पुढच्या वक्त्याला उभं राहणं अवघड होतं. कवितेच्या वाक्यानं सभागृह जरा सावरतं. पण दोन्ही पद्धतींनी मोठ्यानं वाचून बघा, घरात कोणाला तरी ऐकवा, आणि अर्ध्या तासानं विचारा काय आठवतंय. घागर आणि घंटा दोन्ही आठवत असतील तर क्रम बरोबर आहे.

मांजराकाठ
माझ्या सासूबाईंना ऐकवलं, त्या मामांना ओळखत नाहीत. नंतर चहा करताना त्या आपणहून म्हणाल्या, "पोटाला पाणी म्हणणारा माणूस चांगला दिसतोय." घंटेचं विचारल्यावर आठवलं, आपणहून नाही. क्रम अजून ठरवला नाही, उद्या एका सहकारी बाईंना दुसऱ्या पद्धतीनं ऐकवते. मानपत्र लिहिणाऱ्या सरांना परिचय दिला, ते खूश झाले, त्यांच्याकडं रुजू दिनांक नव्हता.

एक अडचण उरलीच. सुरुवातीला मी 'सर्व मान्यवर' म्हटलंय. मुख्याध्यापकांचं म्हणणं, संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव यांची नावं घ्यावीच लागतील, नाहीतर बरं दिसणार नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणतात, नावं त्या आधीच घेणार आहेत, प्रत्येकानं पुन्हा घ्यायची गरज नाही. दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

गोदातरंग
नावं घ्यायला सांगितली तर घ्या, त्यावरून वाद नको. दोन नावं पदांसकट म्हणजे आठ-दहा सेकंद. ती वेळ टाळ्यांसाठी ठेवलेल्या सेकंदांतून काढू नका. 'आम्ही आमची घड्याळं लावायचो' हे वाक्य काढा आणि 'तुमच्या घंटेवर ही शाळा चालली' वरून थेट 'एक दिवस मात्र घंटा उशिरा झाली' वर या. मामींच्या तीन ओळींतला एकही शब्द मात्र कमी करू नका.